अंतराचं कार्ड पर्समध्ये टाक

ताई, मी २७ वर्षांची. मुलगी ४ वर्षांची आहे. दिवस राहू नयेत म्हणून सरकारी दवाखान्यात अंतराचं इंजेक्शन घ्यायचे, शेवटचं १० जानेवारीला घेतलं. आता ऑगस्ट आला, पाळीचा पत्ता नाही आणि दिवसही राहत नाहीत. जाऊबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि दोन महिन्यांत गोड बातमी. सासूबाई सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे नेणारेत. त्यांना इंजेक्शनचं माहीत नाही, त्यामुळे तिथेही मी बोलणार नाही. नवरा समजूतदार आहे, तो काहीच बोलत नाही. मी कायमची वांझ झाले का?

नाही गं, अजिबात नाही. पण डॉक्टरांपासून लपवणार हे तू एका ओळीत उरकलंस ना, मला खरी भीती त्याची वाटतेय. त्यांना इंजेक्शनचं कळलंच नाही तर सात महिने पाळी नाही म्हणून ते कारण शोधत बसणार, रक्ततपासण्या होणार, कदाचित नको ती औषधंही सुरू होणार, आणि कारण तर तुझ्या अंतरा कार्डावर तारखेसकट लिहिलेलं आहे.

जाऊबाईंशी तुलना आधी थांबव. गोळी रोज घ्यावी लागते कारण ती शरीरात टिकतच नाही, बंद केली की काही दिवसांत निघून जाते. दंडात बसवतात त्या इम्प्लांटचंही तसंच, कांडी काढली की साधारण आठवड्याभरात औषध संपतं आणि बहुतेकींचं बीज महिन्याभरात परत तयार व्हायला लागतं. इंजेक्शनचं औषध मात्र स्नायूत साठून राहतं आणि हळूहळू विरघळत रक्तात येतं, ते मधेच बाहेर काढता येत नाही. त्याचा हुकमी परिणाम ३ महिने, म्हणजे १० एप्रिलपर्यंत तर दिवस राहणं जवळपास अशक्यच होतं, आणि त्यानंतरही उरलेलं औषध बरेच महिने रेंगाळतं. दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी १० महिने लागतात, तुझ्या हिशोबाने नोव्हेंबर. कुणाला ४ महिन्यांतच राहतात, कुणाला दीड वर्षही लागतं. किती वर्षं इंजेक्शन घेतलं यावर ते अवलंबून नसतं.

अजून एक, पहिली पाळी यायच्या आधी बीज सुटतं, म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात. म्हणून आधी घरी लघवीची टेस्ट कर, निगेटिव्ह आली तर दोन आठवड्यांनी परत कर. जानेवारी उजाडला तरी पाळी आली नाही, तर मग मात्र तपासण्या करायलाच हव्यात.

आणि तुझा तो समजूतदार नवरा. इंजेक्शन दोघांच्या विचारानेच घेतलंस ना? मग आई तुला दवाखान्यात न्यायला निघालीये आणि हा गप्प, याला समजूतदारपणा म्हणतात? मला राग आलाय त्याचा. आईला त्यानेच सांगायचं, रविवारी रात्रीच, तुझ्यावर ढकलायचं नाही.

त्याने सांगो न सांगो, कार्ड आजच पर्समध्ये टाक. सोमवारी तपासायला आत घेतील तेव्हा सासूबाईंना बाहेर बसवायला सांग, डॉक्टर ऐकतात, आणि बसल्या बसल्या आधी ते कार्ड त्यांच्या टेबलावर ठेव.