कृष्णा–कोयना : जोडी छान, पण हाक मारून बघा

'जुळ्या मुली झाल्यात, आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे कृष्णा–कोयना ठरतंय. सासूबाई म्हणतात लांबून हाक मारली की दोघी "ओ" देतील. खरंच असं होईल का?'

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, आणि मजा म्हणजे लिहून बघितलं तर ते कळतच नाही.

लांबून हाक मारताना आपण लांबवतो तो स्वर, "कोयनाऽऽ" मधला आ ताणता येतो, क नाही ताणता येत. गर्दीत व्यंजनं आधी बुडतात आणि पलीकडं पोचतात ते फक्त स्वर. म्हणून नावातली व्यंजनं पुसून स्वर तेवढे ठेवायचे. आता कृष्णा बघा, मराठीत आपण 'क्रुष्णा'च म्हणतो, म्हणजे उ–आ. कोयना कागदावर तीन अक्षरी असलं तरी तोंडात 'कोय्-ना' असं दोनच अवयवांचं, म्हणजे उच्चाराच्या दोनच तुकड्यांचं होतं, ओ–आ. उ आणि ओ दोन्हीला ओठांचा चंबू, दोन्हीची सुरुवात क नं आणि शेवट णा-ना, म्हणजे कराडला प्रीतिसंगमावर नद्या मिळतात तशीच ही नावं हवेत मिळणार 😄

आमच्यात अन्वी–तन्वी आहेत. सांगलीत एका लग्नात मी स्टेजजवळून तन्वीला फोटोसाठी बोलवत होतो, बँड चालू, आणि आली अन्वी, तीही हातात आईस्क्रीम घेऊन, वर तन्वी लांबून बघतीये की मला नाहीच बोलवलं. दोन्हींत अ–ई, फरक एका त चा, आणि तो त बँडनं खाल्ला.

मग करायचं काय, तर जोडी जुळवायची व्यंजनावर नाहीतर अर्थावर, आणि स्वर व अवयव वेगळे ठेवायचे. नद्याच पाहिजेत तर कृष्णा–कावेरी बघा. क तोच, पण उ–आ विरुद्ध आ–ए–ई, शिवाय कावेरी खरोखर तीन अवयवांची. रागात आपल्याकडं "ये कृष्णे", "ये कावेरे" होणारच, शेवट सारखा होतो, तरी पुढचा भाग वेगळाच राहतो. साताऱ्याचीच नदी पाहिजे असेल तर कृष्णा–वेण्णा, माहुलीला संगम आहेच, उ आणि ए लांब लांबचे स्वर आहेत, पण णा दोन्हीकडं असल्यानं मी तिला दुसरा नंबर देईन.

नक्की करायच्या आधी एकदा घरात मिक्सर चालू करून सासूबाईंना पाठ फिरवून बसवा आणि तुम्ही अंगणातनं दोन्ही नावं आलटून पालटून दहा-बारा वेळा पुकारा, कुठलं ऐकू आलं ते त्यांनी सांगायचं. दोन-तीनदा चुकल्या तर ती जोडी सोडा. आणि लाडाची नावंही आत्ताच बोलून बघा, कृष्णाची किशी आणि कावेरीची कावी झाली तर दोन्हीला परत ई येतो, तिथं एकीला किशी आणि दुसरीला कावू म्हणा.