बाबांचं पॅनकार्ड, वोटर कार्ड, लायसन्स, पासपोर्ट: आधी काय, शेवटी काय

प्रश्न: माझे बाबा गेल्या महिन्यात, मे मध्ये वारले. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. पासपोर्ट, लायसन्स, वोटर कार्ड, पॅन हे सगळं रद्द करायचंय, सुरुवात कुठून करू? बाबांची पेन्शन होती, थोड्या एफडी आहेत आणि एक स्कूटर आहे.

उत्तर:

वाईट वाटलं वाचून. सगळ्यात आधी एक सांगतो, पॅनला आत्ता हात लावू नका. बरेच लोक तिथूनच सुरू करतात आणि मग टॅक्सचा रिफंड, एफडी, शेअर्स सगळं अडकतं कारण त्या प्रत्येक कामात बाबांचा पॅन चालू असावा लागतो. पॅन सगळ्यात शेवटी.

महापालिकेकडून मृत्यू दाखल्याच्या सात-आठ ओरिजिनल कॉपी घ्या आणि हातात पडल्या पडल्या नावाचं स्पेलिंग पॅन आणि बँकेच्या पासबुकाशी जुळतंय का बघा, फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, नंतर प्रत्येक काउंटरवर तोच प्रश्न येतो.

आता पॅन शेवटी का ते तुमच्याच केसमध्ये बघा. बाबा मे मध्ये गेले म्हणजे त्यांची दोन रिटर्न भरायची आहेत. एक ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं, ज्याची मुदत पेन्शन आणि व्याजाचं उत्पन्न असणाऱ्यांना साधारण ३१ जुलै असते. दुसरं १ एप्रिलपासून ते गेले त्या तारखेपर्यंतचं, आणि हे पुढच्या वर्षी एप्रिलनंतरच भरता येतं कारण त्या वर्षाचे फॉर्म तेव्हाच येतात. म्हणजे पॅन पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी काही बंद होत नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका, कोणी दंड लावत नाही.

रिटर्न भरायला तुम्ही स्वतःच्या पॅनने इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करायचं, Authorised Partners मध्ये Register as Representative Assessee, तिथे मृत व्यक्तीचे वारस म्हणून नोंदणी. बाबांचा पॅन, तुमचा पॅन, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. वारस दाखला नसेल तर बँकेने लेटरहेडवर शिक्का-सहीनिशी दिलेलं नॉमिनीचं पत्रही चालतं, माझ्या आत्याने तेच लावलं होतं. ही मंजुरी यायला वेळ लागतो म्हणून जुलै उजाडायची वाट न बघता आजच अर्ज टाका.

आणि बँकेला मृत्यू लगेच कळवा. आत्याच्या बँकेने काकांच्या एफडीचं त्यांच्या निधनानंतरचं व्याजही त्यांच्याच पॅनवर दाखवून टीडीएस कापला, आणि मृत्यूच्या तारखेनंतरचं उत्पन्न तर वारसाचं असतं, त्यामुळे ते आकडे सरळ करताना तिला फार त्रास झाला. दोन्ही रिटर्न प्रोसेस होऊन रिफंड आला, एफडी-डिमॅट तुमच्या नावावर झालं की मग पॅन रद्द करण्यासाठी बाबांची केस बघणाऱ्या इन्कम टॅक्सच्या असेसिंग ऑफिसरला साधं पत्र द्या, नाव, पॅन, जन्मतारीख, मृत्यू दाखला जोडून. ऑफिसर कोण ते पोर्टलवर पॅन टाकून कळतं. पत्राच्या कॉपीवर पोच घ्याच.

वोटर कार्ड मात्र आजच उरका. फॉर्म ७, voters.eci.gov.in वर किंवा तुमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या बीएलओकडे, फुकट आहे. कारण 'मृत्यू' निवडायचं, दाखला जोडायचा, अर्ज करणाऱ्याचं स्वतःचं नाव त्याच मतदारसंघात हवं. यादीत नाव राहिलं तर त्या नावावर दुसरं कोणी मत टाकू शकतं, म्हणून हे मागे ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

लायसन्सपेक्षा स्कूटरची घाई जास्त आहे. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असा नियम आहे, तेवढे तीन महिनेच ती गाडी तशी वापरता येते. एमएच ४३ असेल तर वाशी आरटीओ. त्याच फेरीत लायसन्सही मृत्यू दाखल्यासोबत अर्ज करून जमा करा आणि पावती घ्या. एकच अपवाद, मृत्यू रस्ते अपघातात झाला असेल तर क्लेम संपेपर्यंत लायसन्स देऊ नका, विमा कंपनी ते वैध होतं का हे बघते.

पासपोर्टला मुदत नाही, परत करायची सक्तीही नाही, एक्स्पायरीनंतर तो आपोआप निकामी होतो. पण चोरीला जाऊ नये म्हणून रद्द करणं बरं. त्याच्या शेवटच्या पानावर पत्नी म्हणून तुमच्या आईचं नाव असेल तर नात्याचा पुरावा म्हणून बँकेत कामाला येतो, म्हणून बँकेची कामं झाल्यावरच द्या. पोर्टलवर Surrender Certificate दिसेल ते भरू नका, ते परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांसाठी आहे. नवी मुंबई मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसखाली येते, बीकेसीतल्या विदेश भवनात अर्ज, दाखला आणि पासपोर्ट द्या, आणि रद्दचा शिक्का मारलेला पासपोर्ट आठवण म्हणून हवा असेल तर तसं अर्जातच लिहा.