आय गॉट माय फोन रिपेअर्ड की आय गॉट रिपेअर्ड माय फोन?
प्रश्न: "मी फोन दुरुस्त करून घेतला" हे इंग्रजीत सांगताना 'आय गॉट माय फोन रिपेअर्ड' बरोबर की 'आय गॉट रिपेअर्ड माय फोन'?

उत्तर: पहिलं बरोबर, दुसरं चूक. काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर आधी 'गॉट', मग वस्तू आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप येतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि ही चूक वहीत सारखी दिसते. मराठीत 'करून घेतला' हे शब्द लागोपाठ येतात, म्हणून मुलं 'गॉट रिपेअर्ड'ही जोडून टाकतात. शंका आली तर फोनऐवजी 'इट' घालून बघा: 'आय गॉट इट रिपेअर्ड' सहज वाटतं, 'आय गॉट रिपेअर्ड इट' लगेच खटकतं. 'गॉट'च्या जागी 'हॅड' चालतो, क्रम तोच. पण 'हॅड' घेतलात तर क्रमाला फार जपा: 'आय हॅड रिपेअर्ड माय फोन' हे वाक्य शुद्ध आहे, फक्त त्याचा अर्थ "मी स्वतः फोन दुरुस्त केला होता" असा होतो.

मात्र वाक्य फोनपासून सुरू केलं तर 'माय फोन गॉट रिपेअर्ड' हेही बरोबरच. तिथे 'गॉट रिपेअर्ड' जोडूनच येतं, कारण अर्थ "फोन दुरुस्त झाला" एवढाच आहे.