गच्चीवर भाजीपाला: ग्रो बॅग की सिमेंटचे टब?

प्रश्न: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, घरात चौघं. टोमॅटो, वांगी, मेथी लावायची आहे. ग्रो बॅग घ्याव्यात की सिमेंटचे टब?

उत्तर: ग्रो बॅग. कारण वजन. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात, आणि त्यात माणसंही आली. १२ बाय १२ इंचांची बॅग नुसत्या मातीने भरली की ओली असताना तीस किलोंच्या आसपास जाते. माती, कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत समान घेतलं तर वजन बरंच उतरतं. टब मात्र रिकामाच जड, भरल्यावर सरकवणं कठीण आणि खालची गळती दिसतच नाही.

एका बॅगेत टोमॅटोचं किंवा वांग्याचं एकच रोप लावा. दोन लावायचा मोह होतो, मग दोन्ही खुरटतात. मेथीला सहा इंच खोली पुरते, तिच्यासाठी पसरट बॅग घ्या.

बॅगा थेट स्लॅबवर नकोत, विटांवर ठेवा. खालून हात जाईल एवढी फट हवी, नाहीतर पाणी साचतं आणि मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये घुसतात. खालच्या घराच्या छताला ओल दिसली तर आधी बॅगा हलवा. ओळ गच्चीच्या मधोमध न मांडता तुळईवर किंवा कठड्यालगत मांडा.

बॅगा उन्हाने विरतात, काही वर्षांनी बदलाव्या लागतील. टब हवाच असेल तर एखादा कढीपत्त्यासाठी, तुळईवर. नवा टब आठवडाभर पाण्याने भरून ठेवा, पाणी बदलत राहा. सिमेंटचा क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाही.