नापास विषय काढला तर सीजीपीए किती वर येतो?

बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झालो. पेपर पुन्हा देऊन काढला तर सीजीपीए सावरेल का, की ते शून्य कायमचं चिकटून राहतं?

शून्य चिकटून राहत नाही. आपल्याकडच्या क्रेडिट पद्धतीत विषय निघाला की एफच्या जागी नवी ग्रेड येते आणि सरासरी तिच्यावरच काढली जाते. जुना शून्य आणि नवे गुण यांची सरासरी होत नाही. गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रयत्नाची खूण राहू शकते, पण ती आकड्यात येत नाही. मात्र किती सावरेल, हे त्या विषयाच्या क्रेडिटवर ठरतं, आणि तिथंच पोरांचं गणित चुकतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. हिवाळी परीक्षेचा निकाल लागल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी निकालाची प्रिंट घेऊन माझ्याकडे आली. घरी कापूस वेचणी चालू असताना तिचे बरेच तास बुडाले होते आणि गणिताच्या पेपरात ती अडकली होती. प्रिंटवर एसजीपीएच्या जागी नुसती रेघ होती, म्हणून तिनं स्वतःच भागाकार करून आणला होता.

"सर, मी काढून पाह्यलं, ६.६७ येते. आता गणितात काठावर पास झाली तं ६.१८ होईन. मंग पेपर काढून माही सरासरी कमीच होते ना? काहून देऊ?"

आकडे दोन्ही बरोबर होते. सेमिस्टरचे एकूण २२ क्रेडिट, त्यातले गणिताचे ४. ग्रेडचे गुण तुम्हाला माहीतच असतील: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे गुण, मग सगळ्यांची बेरीज. तिची रसायनशास्त्रात बी होती, म्हणजे ४ गुणिले ६, झाले २४. वनस्पतिशास्त्रात बी प्लस, ते २८. २ क्रेडिटच्या भाषेचे १२. प्रात्यक्षिकं आणि बाकीचे छोटे विषय मिळून ८ क्रेडिट, सगळीकडे बी प्लस, म्हणून ५६. एकूण १२०.

हे १२० तिनं १८ नं भागले होते, म्हणजे फक्त निघालेल्या विषयांच्या क्रेडिटनं. गणित काठावर निघालं असतं तर ४ गुणिले ४, म्हणजे १६ गुण वाढून १३६ झाले असते, पण भागायचे २२ नं. म्हणून ६.१८. तिला ती घसरण वाटत होती. पण ६.६७ ही त्या सेमिस्टरची सरासरी नव्हतीच, ती अठरा क्रेडिटची होती. उरलेले ४ क्रेडिट मिळाल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही, त्यामुळे आज ना उद्या ते छेदात येणारच. आजच धरले तर १२० भागिले २२, म्हणजे ५.४५. ही तिची खरी जागा, आणि ५.४५ वरून ६.१८ म्हणजे चांगलीच चढण.

तुमच्याकडे छेदात काय धरतात ते निकालावरूनच कळतं. एकूण क्रेडिट आणि मिळवलेले क्रेडिट असे दोन आकडे असतील. एसजीपीए छापला असेल तर त्याला दोन्हींनी गुणून बघा, तुमच्या बेरजेशी ज्याचा मेळ बसेल तो छेद. काही ठिकाणी सगळे विषय निघेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, तेव्हा एकूण क्रेडिटनंच हिशेब करा.

तिला वर्षअखेर सीजीपीए ६.५ हवा होता. दोन सेमिस्टर मिळून ४४ क्रेडिट, म्हणजे २८६ गुण लागणार. गणित तसंच ठेवलं असतं तर दुसऱ्या सेमिस्टरमध्ये १६६ हवे होते, म्हणजे ७.५५ ची सरासरी. जवळपास प्रत्येक विषयात बी प्लस आणि ए. गणित नुसतं काठावर काढलं तरी १५० पुरत होते, म्हणजे ६.८२. आणि गणितात बी आणली तर १४२, म्हणजे ६.४५.

हे फळ्यावर मांडल्यावर तिनं लगेच ठरवलं की गणितात बी आणायचीच. तिथं मी तिला अडवलं. एफवरून पीवर जाताना एका उडीत १६ गुण मिळतात. तेवढेच गुण दुसरीकडून आणायचे तर चार-चार क्रेडिटचे चार विषय प्रत्येकी एक ग्रेड वर न्यावे लागतील. पण पीच्या पुढची प्रत्येक पायरी फक्त ४ गुणांची, आणि ४ क्रेडिटच्या कुठल्याही चालू विषयात एक ग्रेड वाढवली तरी तेवढेच मिळतात. राहिलेला पेपर उन्हाळी परीक्षेत दुसऱ्या सेमिस्टरच्या पेपरांसोबतच द्यायचा होता. गणितात सीची बी करायला चालू रसायनशास्त्र सोडलं असतं तर एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं दिलं असतं. आणि चालू विषय गेला तर नवा एफ, म्हणजे मोठाच खड्डा. शिवाय तिचे अंतर्गत गुण आधीचेच राहणार होते आणि ते कमी होते, म्हणून वरची ग्रेड तिला महाग पडणार होती.

मग ठरलं ते असं: पास होण्यात शंकाच राहू नये एवढी गणिताची तयारी करायची आणि बाकी जोर दुसऱ्या सेमिस्टरवर लावायचा. आमच्याकडे पेपर युनिटवार असतो आणि युनिटमध्ये 'किंवा'चा पर्याय असतो. मॅट्रिक्स तिला जमत होतं, अडायचं ते अवकलनात. म्हणून मॅट्रिक्सची युनिटं पक्की करून घेतली आणि अवकलनातली नेहमी येणारी उदाहरणं रोज एसटीची वाट बघताना वहीत सोडवायला लावली. गणितात सी आली, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे १४०. दुसऱ्यात तिनं १४८ गुण मिळवले. एकूण २८८ भागिले ४४, सीजीपीए ६.५५.

तुम्ही पहिल्याच वर्षाला आहात म्हणून हा फरक मोठा दिसतो. तोच ४ क्रेडिटचा पेपर एफवरून पीवर गेला तर २२ क्रेडिटवर ०.७३ चा फरक पडतो, ४४ वर ०.३६ चा आणि सहा सेमिस्टरच्या १३२ क्रेडिटवर जेमतेम ०.१२ चा. म्हणजे पदवीअखेरची सरासरी या एका पेपरानं फारशी उचलली जात नाही, ती पुढच्या सेमिस्टरमधल्या ग्रेडवरच ठरते. आणि पास झालेला विषय ग्रेड वाढवायला पुन्हा देता येईल असं गृहीत धरू नका. तशी सोय सगळीकडे नसते, परीक्षा विभागात विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र आजच करा. दोन-चार गुणांनी गेला असाल तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत भरा, पण त्याच्या भरवशावर पुनर्परीक्षेचा फॉर्म सोडू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल बऱ्याचदा परीक्षेच्या तोंडावर लागतो, आणि तोवर फॉर्मची तारीख निघून गेलेली असते.