अर्धवर्तुळाकार कमान असलेल्या खिडकीची परिमिती: ८२० की ६८०?

प्रश्न: मुलीच्या दहावीच्या सरावात गणित आहे. खिडकी खाली आयत आणि वर अर्धवर्तुळ अशी आहे. रुंदी १४० सेमी, एकूण उंची २३० सेमी. परिमिती आणि क्षेत्रफळ काढा. माझी परिमिती ८२० येते, मागे उत्तर ६८० दिलंय. क्षेत्रफळ मात्र बरोबर आलं. कुठे चुकतंय?

उत्तर:

८२० मधून ६८० वजा करा. १४० उरतात, म्हणजे नेमकी खिडकीची रुंदी. आयत आणि अर्धवर्तुळ जिथे एकमेकांना चिकटतात ती आडवी रेघ तुम्ही परिमितीत धरली आहे. बाकी सगळं बरोबर आहे.

मुलीला आकृतीच्या कडेवरून बोट फिरवायला सांगा. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघायचं. तळाची बाजू १४०. मग उजवी उभी बाजू. तिची उंची २३० नाही, कारण त्या २३० मध्ये कमानीची उंचीही आली. कमान अर्धवर्तुळ आहे, म्हणजे तिची उंची ही तिची त्रिज्याच, रुंदीच्या निम्मी, ७०. म्हणून उभी बाजू २३० − ७० = १६०. तिथून बोट आडवं आत वळत नाही, कमानीवरून वर चढतं आणि पलीकडे उतरतं. ही वाट पूर्ण परिघाच्या निम्मी, २२/७ × ७० = २२०. मग डावी बाजू १६०, आणि बोट निघालं तिथे परत आलं.

१४० + १६० + २२० + १६० = ६८० सेमी.

मधल्या रेघेवरून बोट एकदाही गेलं नाही. ती आयताची बाजू आहे, अर्धवर्तुळाचा व्यासही आहे, पण खिडकीची कड नाही.

क्षेत्रफळात तुमची गफलत झाली नाही, कारण तिथे ती रेघ आड येत नाही. रेघेला रुंदी नसते, त्यामुळे ती जागा खात नाही, आणि दोन्ही तुकड्यांची क्षेत्रफळं सरळ मिळवता येतात. आयताचं १४० × १६० = २२४००, अर्धवर्तुळाचं २२/७ × ७० × ७० ÷ २ = ७७००. एकूण ३०१०० चौसेमी, म्हणजे ३.०१ चौरस मीटर. क्षेत्रफळं मिळवली तशाच परिमित्याही मिळवायच्या असं वाटणं साहजिक आहे. पण दोन आकार चिकटवले की चिकटलेली बाजू दोघांच्याही परिमितीतून जाते.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो, म्हणून सांगतो, तुमचा ८२० हा आकडा निरर्थक नाही. नौपाड्यातल्या एका जुन्या घराला अशाच कमानीच्या खिडक्या होत्या. कमान सुरू होते तिथे मालकांना आडवी पट्टी हवी होती, म्हणजे खालची तावदानं उघडणार आणि वरची अर्धगोल काच कायमची बसलेली. अशा १४० बाय २३० च्या खिडकीला सेक्शन किती लागेल? बाहेरची चौकट ६८० आणि मधली पट्टी १४०, मिळून ८२०. (कापताना जाणारा माल आणि उघडणाऱ्या तावदानांचा सेक्शन वेगळा.) आणि चौकट भिंतीला टेकते तिथे पाणी येऊ नये म्हणून बाहेरून सिलिकॉन भरायचं, ते किती लांबीचं? ६८०. पावसाचं पाणी भिंत आणि चौकट यांच्या फटीतून येतं, आणि मधल्या पट्टीला भिंतच लागत नाही. खिडकी एकच, पण प्रश्न दोन. तुमच्या गणितात परिमिती विचारली आहे, म्हणजे सिलिकॉनचा प्रश्न आहे.

आता उत्तर पडताळायची एक युक्ती, जी मी कामावरच्या पोरांनाही शिकवतो. खिडकीभोवती घट्ट बसेल असा पूर्ण आयत मनात काढा, १४० रुंद आणि २३० उंच. त्याची परिमिती ७४०. कमानीने वरचे दोन्ही कोपरे गोल कापले आहेत, आणि कोपरा कापून जाणारी वाट वळसा घालून जाणाऱ्या वाटेपेक्षा लहानच असते. म्हणजे खरी परिमिती ७४० पेक्षा कमीच हवी. ६८० बसते. ८२० आली की वही पुढे न्यायचीच नाही, मागे फिरायचं.

ही युक्ती याच मापांपुरती चालते असं नाही. दोन उभ्या बाजू बाजूला ठेवल्या, तर उरलेली खरी कड नेहमी रुंदीच्या २.५७ पट भरते, बाहेरच्या आयताची ३ पट, आणि मधली रेघ चुकून धरली तर ३.५७ पट. तेव्हा तुमची चूक कुठल्याही मापाच्या खिडकीत या आयताच्या बाहेर जाऊन पकडली जाते.

क्षेत्रफळालाही हाच आयत लावा: १४० × २३० = ३२२००. खरं उत्तर त्याहून कमी हवं, ३०१०० आहे. अर्ध्याऐवजी पूर्ण वर्तुळ धरलं तर ३७८०० येतं. आयताची उंची १६० ऐवजी २३० घेतली तर ३९९००. दोन्ही बाहेर. मधला २१०० चा फरक म्हणजे वरच्या दोन कोपऱ्यांचे तुकडे, आणि ते माझ्या ओळखीचे आहेत. अर्धगोल काच कापायला १४० बाय ७० चा तुकडा लागतो, ९८०० चौसेमीचा. त्यातले ७७०० खिडकीत जातात, २१०० कारखान्याच्या कोपऱ्यात पडतात, आणि काचवाला पैसे ९८०० चे घेतो.

पुस्तकातली कमान 'अर्धवर्तुळ आहे' असं लिहिलं की तसं धरायचं. भिंतीतली कमान तशी असेलच असं नाही, आणि वरची युक्ती ही चूक पकडत नाही. मी कमान सुरू होते त्या आडव्या रेघेच्या मध्यावर दोरीचं एक टोक धरतो, रुंदीच्या निम्मी लांबी घेतो, आणि दुसरं टोक कमानीवरून फिरवतो. सगळीकडे कडेला टेकलं तर अर्धवर्तुळ. नौपाड्यात एका खिडकीला ७० ची दोरी मध्यावर कमानीच्या वर जात होती, कारण कमान मधोमध फक्त ५० उंच होती. तो मोठ्या वर्तुळाचा अर्ध्याहून कमी तुकडा होता, त्रिज्या ७४, केंद्र त्या रेघेच्याही २४ सेमी खाली. त्याची कड साधारण १८४ सेमी भरते. अर्धवर्तुळाच्या सूत्राने २२० ची पट्टी वाकवून नेली असती, तर ती ३६ सेमीने जास्त झाली असती. त्या खिडकीचा मी भिंतीवर पुठ्ठा लावून साचा काढला आणि पट्टी त्यावरून वाकवली.