किट नको, कापड भरपूर दे

अगं,

तू पाठवलेले भरतकामाच्या किटच्या दोन्ही बॉक्सचे फोटो बघितले. भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला यातला कुठला घेऊ म्हणून विचारतेस. एकही घेऊ नकोस. गुलाबी बॉक्समध्ये एकच छापील कापड आहे, सहा रंगांचे टीचभर दोरे आहेत आणि सुई प्लॅस्टिकची. मुलीने पहिलं फूल बिघडवलं की दुसरं कापडच नाही. बॉक्स जातो माळ्यावर आणि घरात सगळे म्हणतात, हिला आवडच नाही. आवड असते गं, कापड नसतं.

तू म्हणतेस ती बाहुलीसाठी पांघरूण मागतेय. मग तिला छोटी गोधडीच करू दे की! गोधडीला फक्त धावदोरा लागतो, सुई खाली-वर, खाली-वर, बास. पहिल्या दिवशी जमतो आणि तिरका गेला तरी गोधडी गोधडीच राहते.

एक स्टीलचा डबा घे. त्यात भरतकामाच्या ५ नंबरच्या सुयांचं पाकीट ठेव (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, ९-१० नंबर घेतलास तर ओवतानाच ती रडकुंडीला येईल), सहा पदरी सुती दोऱ्याच्या चार-पाच लडी, नीट कापणारी छोटी कात्री आणि तिच्या बोटात बसेल असं अंगुस्तान. मुलांची म्हणून मिळणारी बोथट कात्री नको, ती कापड चावते. आणि डब्याच्या दुप्पट कापड! जुन्या सुती साड्या, शिंप्याकडच्या चिंध्या. टेरिकॉट, सिंथेटिक सगळं बाजूला काढ, एक सुईला घट्ट लागतं आणि दुसरं हातात सरकतं. नवं खळीचं कापड असेल तर आधी धुऊन घे.

कापड मोजून देऊ नकोस. दहा गोधड्या होतील एवढं दे, म्हणजे पहिल्या तीन बिघडवायला ती घाबरणार नाही.

आता करायचं कसं ते. फूटभर चौकोनाचे तीन तुकडे एकावर एक फरशीवर पसरा, हाताने सुरकुत्या काढा, मधून चारी कोपऱ्यांकडे बोटभर लांबीचे कच्चे टाके घाला. हे टाळलंत की थर सरकतात आणि शेवटी एका बाजूला फुगा येतो. मग वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या चारी कडा आत दुमडून शिवायच्या. दोऱ्याचे सहातले तीन पदर वेगळे काढायचे, लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. लहान मुलं सारखं ओवायला नको म्हणून दोरा लांब घेतात आणि मग त्याच्या गाठीच गाठी होतात. ओळी साधारण दोन सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे चौदा-पंधरा ओळी. रोज एक केली तरी दोन आठवडे पुरतं. ओळ संपली की गाठ मारायच्या आधी कापडावर तळहात फिरवायचा, चुण्या पडल्या असतील तर दोरा ओढला गेलाय, थोडा सैल सोडायचा. कच्चे टाके सगळ्यात शेवटी काढायचे.

आणि सुया मोजून सुयांच्या छोट्या उशीत टोचायच्या, उठायच्या आधी परत मोजायच्या. धाकटा भाऊ रांगतोय ना घरात?

एक गोष्ट मात्र करू नकोस, उसवायला लावू नकोस. मी माझ्या लेकीला लावलं. तीही दहाचीच होती, रुमालावर साखळी टाका घालत होती, मी रोज संध्याकाळी बघायचे आणि वाकडं दिसलं की उसव म्हणायचे. तो रुमाल चार वेळा उसवला, कापडाला भोकं पडली, तिने सुई ठेवली ती ठेवलीच. मला माझ्या आईने असंच शिकवलं होतं आणि माझा हात त्यामुळेच बसला, हे मी आजही म्हणेन. पण माझ्या आईकडे कापडाचं बोचकं होतं, एक उसवताना दुसरं शिवायला मिळायचं मला. लेकीकडे तो एकच रुमाल होता, आणि मी तेव्हा ऑफिस, स्वयंपाक सगळं सांभाळत होते, कापड आणायला जायचं सुचलंच नाही. म्हणून तुला परत परत सांगतेय, कापड भरपूर दे.

वाकडी ओळ दिसली तर बोलू नकोस, शेजारी बसून तू स्वतःची एक शीव. तुला येत नाही हे माहितीये मला. ते चांगलंच आहे, दोघींचं सारखंच वाकडं जाईल.

वाढदिवसानंतर महिन्याभराने डबा उघडून बघ. दोरा संपलेला असेल तर फक्त दोरा आण, मोठं काही आणू नकोस. पाकीट तसंच दिसलं तर तिला काही विचारू नकोस, डबा हॉलमध्ये तिच्या हाताला येईल असा ठेव, कपाटात नको.

माझ्याकडे दोन जुन्या सुती साड्या आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. एकीचे काठ अजून घट्ट आहेत, ते गोधडीच्या कडेला लावता येतील. रविवारी येऊन घेऊन जा, आणि फाडायला तिलाच दे, काठाशी कात्रीने थोडं कापून दिलं की साडी सरळ फाटत जाते.

तुझी,
मावशी